कॅरोसेल आणि स्टेटस: दिवाळीच्या ऑफरचे तेच फोटो दोन्हीकडे का चालत नाहीत

दिवाळी जवळ आली की बेळगावातल्या शहापूर, वडगाव, अनगोळकडची छोटी दुकानं चार-पाच फोटोंचा एक संच करून घेतात. पहिल्यावर शुभेच्छा, मधल्यांवर ऑफर आणि शेवटच्यावर फोन नंबर. हाच संच इन्स्टाग्रामवर कॅरोसेल म्हणून जातो आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसलाही लागतो. दोन्हीकडे फोटो एकामागून एक सरकत असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकच वाटतात. पण बघणारा माणूस वेगळा असतो आणि ऑर्डर येण्याची वाटही वेगळी असते.

स्टेटस कोण बघतं? ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे आणि ज्यांचा नंबर तुमच्याकडे सेव्ह आहे, तेवढेच. म्हणजे दुकान माहीत असलेलं गिऱ्हाईक. त्यांना पत्ता सांगावा लागत नाही, यंदा काय आहे आणि कधीपर्यंत मिळेल एवढं कळलं की पुरे. कॅरोसेल मात्र कोणाची तरी भाची पुण्याहून बघते आणि टिळकवाडीतल्या मावशीला पाठवते. त्या मावशीने तुमचं नाव कधी ऐकलेलंही नसतं. तिला दुकान, गल्ली, दर आणि ऑर्डरची रीत हे सगळं त्याच एका पोस्टमध्ये मिळायला हवं.

एक उदाहरण घेऊ. शहापुरातलं एक फराळाचं दुकान, ऑफर एकच: दिवाळी डबा. त्यात चकली 250 ग्रॅम (₹120), शंकरपाळी 250 ग्रॅम (₹100), चिवडा 250 ग्रॅम (₹90) आणि बेसन लाडू 10 नग (₹200). सुटं घेतलं तर ₹510, डबा ₹460.

याच्या कॅरोसेलला चार फोटो पुरतात. पहिल्यावर नुसती पणती आणि “शुभ दीपावली” ठेवू नका. त्या आठवड्यात प्रत्येकाच्या फोनवर पणत्याच असतात, बोट थांबतच नाही. उघड्या डब्याचा जवळून काढलेला फोटो मोठा घ्या, चकलीचे काटे दिसले पाहिजेत. शुभेच्छा त्याच्याखाली एका ओळीत द्या: “भाजणी करायला वेळ झाला नाही तरी पहिल्या आंघोळीच्या ताटात चकली असू दे. शुभ दीपावली!” ही ओळ आपल्या घरातल्या दिवाळीशी बोलते, म्हणून ती छापील शुभेच्छेपेक्षा जवळची वाटते. खाली कन्नडमधली शुभेच्छाही घाला, बरंच गिऱ्हाईक ती वाचणारं असतं. त्या ओळीसाठी कन्नड फॉन्टच निवडा, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन उमटू शकतात. ओळ कन्नड घरात वाढलेल्या कोणाला तरी दाखवून मगच पक्की करा.

दुसऱ्या फोटोवर डब्यातले चार पदार्थ वजनासह आणि खाली दोन आकडे: सुटं ₹510, डब्यात ₹460. पहिला फोटो बघून कोणी पुढे सरकवला नाही, तर इन्स्टाग्राम कधीकधी तीच पोस्ट नंतर दुसऱ्या फोटोपासून दाखवतं. म्हणून दुकानाचं नाव आणि गल्ली दुसऱ्यावरही हवीच. तिसऱ्यावर ऑर्डर कधीपर्यंत घेणार आणि डबा कधी, कुठे मिळणार. इथे “लवकर करा” लिहून काही कळत नाही, तारीख आणि वेळ लिहा.

चौथा फोटो ऑर्डरचा, आणि बहुतेक चुका इथेच होतात. फोटोवरचा नंबर दाबून फोन लागत नाही. कॅप्शनमध्ये टाकलेली लिंकही तिथे दाबता येत नाही. म्हणून नंबर मोठ्या आकड्यांत, पाच-पाचचे दोन गट करून लिहा, म्हणजे बघून टाइप करताना आकडा चुकत नाही. दाबता येणारी लिंक प्रोफाइलमध्ये ठेवा आणि फोटोवर “प्रोफाइलमधली लिंक दाबा” असं सांगा. लिंक अशी असते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

91 नंतर थेट दहा आकडे. अधिकचं चिन्ह, सुरुवातीचा शून्य किंवा मधली जागा राहिली तर लिंक बिघडते. व्हॉट्सॲप बिझनेसमधली छोटी लिंक वापरली तर तिच्यात आधीच मजकूर भरून ठेवता येतो: “दिवाळी डबा हवा आहे. डबे किती: / नाव: / गल्ली: / कधी नेणार:”. नवीन माणसाला काय लिहावं हा प्रश्न पडत नाही आणि तुम्हाला चार-चार वेळा विचारावं लागत नाही. पोस्ट टाकण्याआधी ही लिंक दुसऱ्याच्या फोनवरून एकदा दाबून बघा.

आता हेच चार फोटो स्टेटसला लावले तर काय होतं? बघणारा पहिला बघतो, दुसऱ्यावरून बोट सरकवतो आणि पुढच्या माणसाच्या स्टेटसवर जातो. नंबर आणि तारीख तिसऱ्या-चौथ्यावर, तिथवर फार थोडे पोचतात. शिवाय व्हॉट्सॲपवर कोणी एखाद्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवला तर तो एकटाच जातो. नुसता दराचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो आणि दुकान कुठलं हे कोणालाच कळत नाही. म्हणून स्टेटससाठी वेगळे दोनच फोटो करा आणि प्रत्येकावर नाव, गल्ली, ₹460 आणि शेवटची तारीख हे चारही असू द्या.

स्टेटसवर ऑर्डरची वाट मात्र फार सोपी आहे. “या फोटोलाच रिप्लाय करा, काकू: डबे किती आणि कधी नेणार” एवढंच लिहा. रिप्लाय थेट तुमच्या चॅटमध्ये येतो आणि कोणत्या स्टेटसला आलाय तेही वर दिसतं. इथे नंबर लिहिण्याचा फायदा एवढाच की फोटो पुढे गेला तर उपयोगी पडतो.

आकारही वेगळा. कॅरोसेलसाठी 1080 × 1350 पिक्सेल धरा आणि चारही फोटो त्याच आकाराचे ठेवा, कारण पुढचे फोटो पहिल्याच्या मापाने कापले जातात. स्टेटस उभा, 1080 × 1920. त्यात वर नाव आणि खाली रिप्लायची पट्टी येते, म्हणून वरून-खालून साधारण 250 पिक्सेल मोकळे सोडा. तारीख अगदी तळाशी लिहिली तर नेमकी तीच झाकली जाते.

दोन्ही वाटांनी आलेली ऑर्डर शेवटी एकाच चॅटमध्ये उतरते, तेव्हा उत्तरही एकच ठेवा: “दिवाळी डबा 2 नग, ₹920. शनिवारी संध्याकाळी 6 नंतर दुकानातून. पैसे आल्यावर ऑर्डर पक्की.” आकडे बदलायचे, बाकी मजकूर तोच. “हो, ठेवतो” एवढंच लिहिलं तर घ्यायच्या दिवशी काउंटरवर दोन डबे की तीन यावरून घोळ होतो.

शेवटचा फरक वेळेचा. स्टेटस 24 तासांत आपोआप जातो, म्हणून तो रोज नव्याने लावावा लागतो, आणि शेवटच्या दिवशी “आज रात्री 8 पर्यंत” असं लिहिता येतं. कॅरोसेल तसाच राहतो. टाकल्यावर त्यातला फोटो बदलून दुसरा घालता येत नाही, कॅप्शन मात्र बदलता येतं. म्हणून किती डबे उरलेत हे फोटोवर कधीच लिहू नका, कॅप्शनमध्ये लिहा. डबे संपले की कॅप्शनच्या पहिल्या ओळीत “यंदाची ऑर्डर बंद, सुटा फराळ दुकानात मिळेल” असं घाला आणि लिंकमधला आधी भरलेला मजकूरही त्याच दिवशी बदला, नाहीतर पाडव्याच्या सकाळीही डब्याचे मेसेज येत राहतात.