टाळी ऐकून वाजवलं, तर उशीर होणारच

गेल्या मे महिन्यात वेंगुर्ल्याकडच्या एका लग्नाच्या मांडवात मी जेवायला बसलो होतो. बाहेर बँड वाजत होता आणि मागच्या रांगेतला एक मुलगा प्रत्येक वेळी किंचित मागे पडत होता. माझ्या शेजारचे गृहस्थ भात कालवताना म्हणाले, "ताल रक्तातच असावा लागतो, शिकवून येत नाही." हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय, की या वेळी मला गप्प बसवेना. तो मुलगा माझ्या ओळखीचा होता. माझ्या शेजारच्या घरातल्या ट्रंपेटवाल्याचा तो भाचा. पंधरा वर्षांचा, सुट्टीत मामाकडे आलेला आणि इतका बुजरा, की पाणी मागायचं तरी दाराआडून मागायचा. त्याच्या तालात नेमकं काय बिघडलं होतं आणि मामाने ते कसं दुरुस्त केलं, हे मी पुढचे तीन आठवडे आमच्या पडवीतून पाहिलं. त्यात रक्ताचा काहीही संबंध नव्हता.

पहिल्या संध्याकाळी मामाने ट्रंपेट पेटीतच ठेवायला लावलं. खळ्यात दोघे समोरासमोर उभे राहिले. मामा सारख्या अंतराने टाळ्या वाजवायचा आणि भाच्याने प्रत्येक टाळीला "त" म्हणायचं. मिनिटाला साधारण 120 टाळ्या, म्हणजे दोन टाळ्यांमध्ये अर्धा सेकंद. वरातीतल्या कितीतरी चाली याच्याच आसपास असतात. पोरगा "त" म्हणत होता, पण प्रत्येक वेळी टाळीच्या शेपटीला. दहा-बारा टाळ्यांनंतर मामाने काही न सांगता एक टाळी गाळली. हात जवळ आणले आणि मिटलेच नाहीत.

पोरगा गप्प राहिला.

"टाळी पडली नाय, म्हणान तू बोललंस नाय," मामा म्हणाला. "म्हणजे तू माझ्या हाताची वाट बघतस. वाट बघणाऱ्याक गाडी कधी गावता?"

ही गाळलेली टाळी म्हणजे एक उत्तम प्रयोग आहे, आणि तो मामाने कुठल्याही पुस्तकातून घेतलेला नाही. ज्याच्या डोक्यात ताल चालू आहे, तो टाळी पडो न पडो, आपल्या वेळेला बोलतो आणि मग चुकल्यासारखा हसतो. जो आवाज ऐकून मग प्रतिसाद देतो, तो गप्प राहतो. चुकायला हवं होतं तिथे हा पोरगा चुकला नाही, आणि दोष नेमका तिथेच दिसला.

आवाज ऐकून हात किंवा जीभ हलवायला माणसाला किती वेळ लागतो? कानातून संदेश मेंदूत जाणार, तिथून हुकूम सुटणार, मग स्नायू आवळणार. तरुण, सावध माणसालाही या सगळ्याला सेकंदाचा सुमारे सातवा भाग, म्हणजे 150 मिलिसेकंद लागतात. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) सराव करून यात थोडा फरक पडतो, पण हा वेळ शून्य कधीच होत नाही. दोन ठोक्यांत 500 मिलिसेकंदांचं अंतर असेल आणि तुम्ही ऐकून वाजवत असाल, तर जवळजवळ एक तृतीयांश ठोका तुम्ही कायम मागे असणार. म्हणजे कान लावून, मनापासून, एकाग्रतेने वाजवणारा मुलगाच उशिरा वाजवणार. त्याला "नीट ऐक" असं सांगणं म्हणजे रोगच औषध म्हणून देणं.

मग तालात वाजवणारी माणसं काय करतात? ती ऐकतात ती मागच्या ठोक्यांना, आणि वाजवतात तो पुढचा. आधीच्या ठोक्यांमधलं अंतर मेंदू मोजून ठेवतो, पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाज बांधतो आणि हालचाल आधीच सुरू करतो, म्हणजे ती संपते तेव्हा ठोका पडलेला असतो. एका यंत्राची सारखी टिकटिक लावून माणसांना बोटाने टेबलावर ठोका द्यायला सांगितलं, तर बहुतेकांचं बोट टिकटिकीच्या 20 ते 50 मिलिसेकंद आधी पडतं, आणि त्यांना वाटतं आपण अगदी बरोबर आहोत. शंभर वर्षांहून जास्त काळ हे माहीत आहे. वादकांमध्ये हे अंतर कमी असतं. टिकटिक वेडीवाकडी केली, म्हणजे अंदाज बांधायची सोयच ठेवली नाही, तर हेच बोट टिकटिकीच्या मागे जातं, तेही सुमारे त्याच 150 मिलिसेकंदांनी. माणूस तोच, बोट तेच. फरक एवढाच, की आधी तो पुढचं पाहत होता आणि आता वाट पाहतोय.

बुजरा मुलगा वाट का पाहतो, हे वेगळं सांगायला नको. एकट्याचा आवाज आधी निघाला तर सगळे वळून बघतील, ही भीती. त्यामुळे दुसऱ्याचा सूर आल्याची खात्री करायची आणि मगच आपला त्यात मिसळायचा. स्वभावाने तो सावध होता, आणि ताल नेमका त्या सावधपणामुळे बिघडत होता.

मामाने त्याला चालायला लावलं. आमच्या गल्लीत वरून खाली पाखाडी उतरते, जांभ्या दगडाच्या रुंद पायऱ्यांची. ती संपते तिथल्या सपाटीवर दोघे येरझाऱ्या घालायचे. पावलागणिक मोजायचं: एक, दोन, तीन, चार. चारला दम घ्यायचा आणि एकला "त". हा दम सर्वांत महत्त्वाचा होता. फुंकायचं वाद्य वाजवणाऱ्याला सुराच्या आधी श्वास घ्यावाच लागतो, आणि तो श्वासच तालात बसवला की सूर कधी निघणार हे एक ठोका आधीच ठरून जातं. मग घाबरून थांबायला जागा राहत नाही. छाती भरलेली असते, पाऊल उचललेलं असतं, आणि उचललेलं पाऊल पडणारच.

पाचव्या दिवशी मामाने पुन्हा टाळी गाळली. पोरगा शांततेत एकटाच "त" म्हणाला आणि लाजून लाल झाला. मामा मात्र इतका खूश झाला, की त्याने घरातून ट्रंपेटची पेटी आणली.

आणि पोरगा पुन्हा उशिरा वाजवू लागला.

हा उशीर दुसऱ्या जातीचा होता, आणि मला तो पहिल्याहून जास्त आवडतो. ट्रंपेटमध्ये पिपाणीसारखी पत्ती नसते. आवाज ओठांच्या थरथरण्यातून निघतो. त्यातली गुंडाळलेली नळी सरळ केली तर सुमारे दीड मीटर भरते. ओठ थरथरले की हवेच्या दाबाची लाट नळीतून पुढे जाते, रुंद तोंडाशी तिचा बराचसा भाग उलटा फिरतो आणि ओठांपाशी परत येतो. ही परतलेली लाट ओठांना योग्य वेळी धक्का देत राहते, म्हणून सूर टिकतो. झोक्यावरच्या मुलाला आपण नेमक्या क्षणी ढकलतो, तसंच. पण पहिली लाट परत येईपर्यंत झोका ढकलणारं कोणी नसतं. जाऊन-येऊन तीन मीटर, आणि कोकणातल्या उकाड्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 349 मीटर. म्हणजे साधारण साडेआठ मिलिसेकंद. मधल्या पट्टीतल्या एखाद्या सुराला ओठ सेकंदाला 466 वेळा थरथरत असतील, तर या वेळात त्यांचे चार हेलकावे होतात. हे चार हेलकावे ओठांनी स्वतःच्या जोरावर, नळीच्या मदतीशिवाय काढायचे असतात.

भित्र्या फुंकरीत इथेच घोळ होतो. हवा मऊ सोडली आणि जिभेने "त" म्हणून मोकळी केली नाही, तर ते पहिले हेलकावे पडतच नाहीत. आधी नुसती फुस्स होते आणि मग सूर हळूहळू फुगत वर येतो. त्यात आपल्या कानाची एक सवय आहे: हळूहळू चढणाऱ्या आवाजाची सुरुवात आपण त्याच्या पहिल्या सळसळीला धरत नाही. तो पुरेसा मोठा होतो तिथे धरतो. त्यामुळे फुंकर वेळेवर सुटली तरी सूर उशिरा आल्यासारखाच वाटतो. मामाचा उपाय पाच शब्दांचा होता: "हळू वाजव, पण भियाव नको." मोठा आवाज त्याला नको होता. सुराची कड हवी होती.

याच आठवड्यात पोराच्या आईने ट्रंपेटला लिंबू-मिरची बांधली आणि मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मला या गोष्टीची चीड येते ती एवढ्यासाठी, की उपाय लागू पडला तर श्रेय मिरचीला जातं आणि नाही पडला तर दोष पोराच्या नशिबाला. चारला दम घेणारं आणि जिभेने "त" म्हणणारं ते पोर दोन्हीकडून बाजूलाच राहतं.

तिसऱ्या आठवड्यात सगळा बँड खळ्यात जमला तेव्हा आणखी एक गंमत दिसली. भाचा आणि त्याच्याच वयाचा साइड ड्रमवाला, दोघेही आपली चूक दुरुस्त करायला टपलेले. पाखाडीत समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना वाट द्यायला एकाच वेळी डावीकडे सरकतात, मग एकाच वेळी उजवीकडे, तसं त्यांचं चाललं होतं. समजा भाचा 80 मिलिसेकंद मागे आहे. पुढच्या ठोक्याला तो 80 पुढे सरकला आणि ड्रमवाला त्याच्यासाठी 80 मागे सरकला, तर आता भाचाच 80 ने पुढे! त्यानंतर पुन्हा उलट. दोघांनी मिळून केलेली दुरुस्ती चुकीच्या दुप्पट झाली, की हे झुलणं कधीच थांबत नाही. दोघांनी चुकीचा पाव-पाव हिस्साच दुरुस्त केला, तर 80 चे 40, 40 चे 20, 20 चे 10 असं अंतर विरघळत जातं. जुने वादक हे नकळत करतात. मामाने ड्रमवाल्याला बजावलं, की तू तुझा ठोका सोडायचा नाहीस, सरकायचं असेल तर भाचा सरकेल.

जूनच्या तोंडावर शेवटची वरात होती. मी ढोलाला लागून चाललो होतो आणि मोबाईलवर आवाज टिपत होतो. घरी येऊन संगणकावर त्याच्या लाटा मोठ्या करून पाहिल्या. ढोलाचा ठोका म्हणजे सरळ उभी भिंत, आणि तिच्या मागे भाच्याच्या सुराची आता चांगलीच धारदार झालेली कड. पण अंतर होतंच, बहुतेक ठिकाणी 80 मिलिसेकंदांच्या आसपास, आणि जवळजवळ सगळीकडे सारखं. वाट पाहणाऱ्याचा उशीर इतका सारखा नसतो, तो कमी-जास्त होत राहतो. मी मामाला विचारलं, पोरगा कुठे उभा होता?

"मागे. शेवटच्या रांगेत. ढोलापासून वीस-बावीस पावलां."

वरातीतली पावलं. म्हणजे साधारण 14 मीटर धरू. 14 मीटर यायला आवाजाला 40 मिलिसेकंद लागतात. ढोल त्याच्यापर्यंत 40 ने उशिरा पोचत होता, तो त्या ठोक्यावर अचूक वाजवत होता आणि त्याचा सूर माझ्या मोबाईलपर्यंत यायला पुन्हा 40. पोरगा आपल्या जागी बिनचूक होता. मी कागदावर दोन टिंबं आणि दोन बाण काढून मामाला दाखवले. त्याने कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि आत दाराआड उभ्या असलेल्या भाच्याला हाक मारली.

"ये रे. आता मागे लपाक गावाचा नाय. पुढच्या खेपेक ढोलाच्या बगलेक उभो रव."