दह्याची मूल्यसाखळी (कोकण)

गोठ्यातल्या कच्च्या दुधाचे दुकानातल्या बंद डब्यातले दही होईपर्यंत ज्या टप्प्यांवर त्याची किंमत वाढते, त्या टप्प्यांची ही साखळी. 'मूल्यसाखळी' हा शब्द मायकेल पोर्टर यांनी 1985 मध्ये उद्योगांच्या संदर्भात रूढ केला. पनीर किंवा खवा करताना माल आटतो, दह्यात तसे होत नाही. एक लिटर दूध सुमारे 1.03 किलो भरते आणि त्याचे दहीही जवळपास एक किलोच होते. जास्तीचे पैसे मिळतात ते घट्टपणाचे, सारख्या चवीचे आणि टिकण्याचे.

कोकणात साखळीचे पहिले टोकच बारीक आहे. इथली कोकण कपिला गाय काटक, डोंगरउतारावर चरून जगणारी, पण दूध थोडे देते. सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या पठारावरचे गवत पावसाळ्यापुरते, पुढे भाताच्या पेंढ्यावर भागवायचे. त्यामुळे बाजारातले बरेचसे दूध-दही फोंडा, आंबा अशा घाटांतून खाली उतरते. स्थानिक डेअरीला मात्र पाच-सात लिटर घालणाऱ्या अनेक घरांतून दूध जमवावे लागते, आणि जमवण्यात जाणारा वेळ हाच तिचा मोठा खर्च.

धारेचे दूध जनावराच्या अंगाइतके, म्हणजे 38 अंशांच्या आसपास गरम असते. दमट हवेत ते तसेच चरवीत राहिले तर जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून दोन-तीन तासांत ते बल्क कूलरमध्ये 4 अंशांवर जायला हवे. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, मोजून भाव ठरतो. पण या दोन आकड्यांना न दिसणारी एक गोष्ट आहे. दगडी, म्हणजे कासेला सूज येण्याचा आजार झालेल्या गाईला प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले असेल आणि तिचे दूध ठरलेले दिवस बाजूला ठेवले नसेल, तर फॅट उत्तम लागते, दूध तापवताना फाटत नाही, फक्त विरजण लागत नाही. त्या औषधाने विरजणातले जिवाणू मरतात. जाणते डेअरीवाले दूध टाकीत ओतण्याआधी प्रत्येक कॅनचे थोडे दूध तपासणीच्या पट्टीने तपासतात.

खरी मूल्यवाढ पुढच्या टप्प्यावर होते. दूध 90 अंशांवर पाच मिनिटे ठेवले की त्यातली निवळीची प्रथिने उलगडून केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि दह्याची जाळी पाणी धरून ठेवू लागते. घरी दूध नीट उकळून विरजले की दही घट्ट लागते, त्याचेही कारण हेच. मग दूध 42 अंशांपर्यंत निववून त्यात सुमारे दोन टक्के विरजण घालतात, डबे भरून झाकण लावतात आणि चार-पाच तास उबेत ठेवतात. दही डब्यातच लागते. आम्लता 0.7 टक्क्यांच्या आसपास आली की लगेच थंड करावे लागते. उशीर झाला तर दही आंबट होते, आणि पुरते गार होण्याआधी डबे गाडीत चढवले तर वळणावळणाच्या रस्त्यावर जाळी मोडून वर पाणी सुटते.

समजा, 100 लिटर दूध 35 रुपयांनी घेतले. सांडलवंड वजा जाता 400 ग्रॅमचे 250 डबे झाले आणि डब्यावर 36 रुपये छापले. हे दर केवळ हिशोबासाठी धरलेले. एकूण 9000 रुपयांतून 5 टक्के जीएसटीचे सुमारे 430 जातात (18 जुलै 2022 पासून छापील पाकिटातल्या दह्यावर तो लागू झाला). वितरक आणि दुकानदार मिळून उरलेल्याच्या 15 टक्के, म्हणजे 1285 घेतात. डेअरीच्या हाती 7285 येतात. दुधाचे 3500, गोळा करून गार करण्याचे 500, इंधन, वीज, विरजण आणि मजुरीचे 900, डब्यांचे 750, थंड गाडीचे 600. असे 6250 वजा केल्यावर 1035 उरतात. आता 250 पैकी 20 डबे परत आले, तर डेअरीच्या हाती येणारे डब्यामागे 29 रुपये धरून 580 गेले. नफ्याचा अर्ध्याहून जास्त भाग त्या वीस डब्यांत बुडाला.

डबे परत येतात ते बहुधा दुकानातल्या फ्रिजमुळे. पावसात वीज गेलेली असते, किंवा बिल वाचवायला दुकानदार रात्री बटण बंद करतो. दही नुसते आंबट असेल आणि पाणी सुटले असेल तर वाटेत किंवा दुकानात थंडावा तुटला असे समजावे. झाकण फुगले असेल तर मात्र दोष डेअरीचा असण्याची शक्यता जास्त, कारण वायू करणारे यीस्ट किंवा कोलिफॉर्म जिवाणू बहुधा अस्वच्छ भांड्यांतून, नळ्यांतून येतात. कडवटपणा आला तर कच्चे दूध कूलरमध्ये फार दिवस पडून होते का, हे पाहावे.

गौरी-गणपतीत चाकरमानी गावी आले की दह्याची मागणी चढते, आणि तेव्हाच पाऊस, खचलेले घाटरस्ते आणि जाणारी वीज सगळे एकत्र येते. त्या आठवड्यात घाटावरची गाडी अडकली की स्थानिक डेअरीच्या डब्यासाठी दुकानदार स्वतःहून फोन करतो.