फेलओव्हर, ऑनलाइन स्पर्धेतील

स्पर्धेचा गेम-सर्व्हर असेल त्या जागी दोन स्वतंत्र इंटरनेट जोडण्या घेऊन, मुख्य जोडणी खंडित होताच राउटरने सारी वाहतूक आपोआप दुसरीवर वळवण्याची व्यवस्था. दोन्ही जोडण्यांवर भार वाटून देणे ही वेगळी पद्धत होय.

एका यंत्राला अनेक जोडण्या असण्याचा विचार १९८९ च्या आरएफसी ११२२ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात सविस्तर आढळतो. बीजीपी या मार्गनिर्धारण पद्धतीचा पहिला आरएफसीही त्याच वर्षीचा. या व्यवस्थेचे मूळ १९९८ च्या व्हीआरआरपी या राउटरसाठीच्या पद्धतीतही शोधता येईल; परंतु व्हीआरआरपी मुख्यतः राउटर बंद पडल्यावर त्याची जागा दुसऱ्याला देते. जोडणी तुटण्याचा प्रश्न निराळा असल्याने १९८९ हाच आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

मोडेमचा दिवा हिरवा असूनही पुढचा मार्ग बंद असू शकतो. त्यामुळे राउटर बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर ठरावीक अंतराने पिंग, म्हणजे उत्तर मागणारे छोटे पॅकेट, पाठवतो. दर ५ सेकंदांनी एक पिंग आणि सलग ३ चुकल्यावर बदल, अशी मांडणी असल्यास सुमारे १५ सेकंद जातात. सर्व्हर १० सेकंदांत गप्प खेळाडूला बाद करत असेल, तर बदल होण्याआधीच सामना मोडलेला असतो. अंतर १ सेकंद केल्यास हा काळ ३ सेकंदांवर येतो. मात्र एकच पत्ता तपासू नये. तो क्षणभर गप्प झाला तरी राउटर विनाकारण जोडणी बदलतो.

खरी अडचण यापुढची. दुसऱ्या जोडणीचा सार्वजनिक पत्ता निराळा असतो. खेळाडूंची यंत्रे जुन्याच पत्त्याकडे पॅकेट पाठवत राहतात आणि चालू सामना तुटतो. स्वतःचा पत्तासमूह बीजीपीने दोन्हीकडून जाहीर करणे हा एक उपाय. पण त्यात सुचवलेला होल्ड टाइम, म्हणजे गप्प झालेल्या शेजारी राउटरला बंद मानण्यापूर्वी थांबायचा काळ, ९० सेकंदांचा असून, बिघाड ओळखण्याची वेगळी सोय नसल्यास तेवढा वेळ वाया जाऊ शकतो. लहान आयोजकांना डेटा सेंटरमधील भाड्याच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएन-प्रणालीचा बोगदा अधिक सोयीचा. खेळाडू त्या सर्व्हरच्या स्थिर पत्त्याला जोडले जातात. जोडणी बदलली, की नव्या मार्गाने आलेल्या पहिल्या वैध पॅकेटवरून तो सर्व्हर बोगद्याचे नवे टोक ओळखतो; खेळाडूंना फक्त काही सेकंदांचा अडखळा जाणवतो. काही राउटर मात्र बोगद्याची जुनी नॅट-नोंद, म्हणजे आतला पत्ता बाहेरच्या कोणत्या पत्त्याशी जोडला याची नोंद, धरून ठेवतात. दुसरी जोडणी चालू दिसते, तरी बोगदा मृत राहतो. त्या वेळी ती नोंद पुसावी लागते.

मुख्य जोडणी सावरताच परत तिच्यावर जाणे टाळावे. ती पुन्हा पडल्यास दुसरा खंड सोसावा लागतो, म्हणून परतीचा बदल दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत हाताने करतात.

दोन कंपन्यांच्या केबल एकाच चरातून जात असतील, तर एका खोदकामात दोन्ही तुटतात. चाचणी घेताना मोडेमची वीज बंद करणे पुरेसे नाही. मोडेमच्या पलीकडची केबल काढावी, म्हणजे दिवे लागलेले असतानाचा बिघाडही तपासला जातो.