तक्रारनिवारण (किरकोळ व्यापार)

विकलेल्या मालात दोष निघाल्यावर संतापून आलेल्या ग्राहकाचे म्हणणे ऐकून घेऊन, झालेली चूक भरून काढून, तो पुन्हा त्याच दुकानी खरेदीला येईल अशा रीतीने प्रकरण मिटवण्याची पद्धत. दुकानात येऊन आवाज चढवणारा ग्राहक अजून संबंध तोडून गेलेला नसतो. न बोलता दुसरे दुकान धरणाऱ्याच्या बाबतीत आपली काय चूक झाली, हे दुकानदाराला कळतही नाही.

स्टीफन टॅक्स, स्टीफन ब्राउन आणि मुरली चंद्रशेखरन यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, तक्रारदार निवाड्याचा न्याय तीन बाजूंनी तपासतो : पदरात काय पडले, ते मिळवताना किती खेटे व किती वेळ लागला, आणि आपल्याशी कसे बोलले गेले. दुकानदार बहुधा पहिल्या बाजूचाच हिशेब करतात. म्हणूनच पूर्ण पैसे परत करूनही गिऱ्हाईक गमावल्याचे दिसते.

इंदूरच्या राजवाडा परिसरातील एखाद्या मराठी साडीविक्रेत्याचे कल्पित उदाहरण घेऊ. मोतिया रंगाची, लाल काठाची 4,200 रुपयांची माहेश्वरी साडी पहिल्याच धुण्यात काठाचा रंग सोडते आणि महालक्ष्म्यांना दोन दिवस उरले असताना ग्राहक बाई भर गर्दीत ती गादीवर टाकतात. “गरम पाण्यात भिजवली असेल” हे येथे हमखास तोंडी येणारे वाक्य. ते कदाचित खरेही असेल, पण तपासाआधी उच्चारल्यामुळे त्याचा अर्थ “तुम्ही खोटे बोलता” एवढाच होतो. “आजवर अशी तक्रार आली नाही” हे वाक्यही त्याच जातीचे आहे. त्याऐवजी दुकानदाराने गल्ल्यावरून उठावे, “काकू, आधी बसा, साडी बघू द्या” म्हणून त्यांना गर्दीतून बाजूला न्यावे आणि बोलणे मध्ये न तोडता ऐकावे. नंतर त्यांचेच शब्द वहीत लिहून वाचून दाखवावेत. लिहिलेले ऐकताना तेच पुन्हा मोठ्याने सांगण्याची गरज उरत नाही, आणि त्यात बहुतेकदा खरी अडचणही बाहेर येते. येथे ती पैशांची नसून परवा नेसायला साडी नाही ही आहे.

यानंतर कारण शोधायचे, तेही त्यांच्या समोर. त्याच गठ्ठ्यातील न धुतलेल्या साडीच्या काठावर गार पाण्याने ओले केलेले पांढरे सुती फडके घासावे. फडक्यावर लाल डाग उतरला तर रंग कच्चा आहे, हे दोघांनाही दिसते. डाग न उतरल्यास संशय धुण्याकडे वळतो, पण तेवढ्याने निकाल लागत नाही. विकताना धुण्याची सूचना दिली होती का, हे विचारावे लागते, आणि दिली नसेल तर काही भार दुकानाने उचलणे रास्त ठरते.

दोष मालाचा निघाल्यास पैसे परत की दुसरी साडी, ही निवड बाईंकडे सोपवावी आणि ती त्याच बैठकीत पुरी करावी. “मालक आल्यावर या” म्हटले की दुसऱ्या बाजूचा न्याय तेथेच बुडतो. साडी बदलून घेतल्यास काठाला फॉल लावून ती संध्याकाळपर्यंत घरी पोहोचवणे ही या प्रसंगातील खरी भरपाई होय. सरसकट दिलेल्या सवलतीच्या चिठ्ठीपेक्षा ती अधिक लक्षात राहते. उरलेला गठ्ठा विक्रीतून काढून विणकराकडे किंवा घाऊक व्यापाऱ्याकडे परत पाठवावा, त्यातील साड्या नेलेल्या इतरांना आपणहून फोन करावा आणि सणानंतर बाईंनाही हे कळवावे. आपल्या ओरडण्याने दुकानात काही बदलले, हे कळलेले माणूस त्या दुकानाविषयी निराळ्या आपुलकीने बोलते.

चूक सुधारल्यावर ग्राहक आधीपेक्षाही अधिक समाधानी होतो, या निरीक्षणाला 1992 मध्ये मॅकॉला आणि भारद्वाज यांनी ‘सेवासुधारणेचा विरोधाभास’ या अर्थाचे नाव दिले. मात्र त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या 2007 च्या संशोधनात समाधान वाढल्याचे दिसले, पण पुन्हा खरेदी करण्याच्या इराद्यात तशी वाढ आढळली नाही. त्यामुळे निघताना बाई हसल्या, हा पुरावा धरता येत नाही. वहीतील नावापुढे पुढच्या दिवाळीचे किंवा लग्नसराईचे बिल पडले का, हेच पाहावे लागते. शिवाय त्याच ग्राहकाच्या बाबतीत दुसऱ्यांदा चूक झाली, तर पहिल्या वेळच्या उत्तम वागणुकीचा उपयोग राहत नाही, कारण आता दोष योगायोगाचा न वाटता दुकानाच्या सवयीचा वाटू लागतो.

यातील काही भाग दुकानदाराच्या मर्जीचा नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, किंवा मुदत दिलेली नसल्यास 30 दिवसांत, परत घेण्यास वा पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलाच्या तळाशी छापलेल्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीने ती जबाबदारी टळत नाही.