लॅसिक्सने हृदयाचा जोर कमी होतो का?

“प्रीलोड, म्हणजे आकुंचनाआधी हृदयात भरलेलं रक्त, कमी केलं तर हृदय आणखी कमी रक्त फेकेल ना? मग लघवीवाटे पाणी काढणारं लॅसिक्स का देतात?”

निरोगी हृदय जास्त भरलं की जास्त जोराने आकुंचन पावतं. थकलेल्या हृदयात मात्र भरणं आणि जोर यांचा हा आलेख वर जाऊन सपाट झालेला असतो.

सांगलीच्या वॉर्डातले एक आजोबा घ्या. झोपायला तीन उशा लागतात, आठवड्यात वजन 4 किलो वाढलंय, नडगीवर बोट दाबलं की खड्डा राहतो. समजा, डाव्या जवनिकेतला, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या हृदयाच्या कप्प्यातला, भरण्याचा दाब 28 मिमी पारा आहे. लॅसिक्सने तो 18 वर आला तरी ठोक्यागणिक रक्त जवळपास तेवढंच बाहेर पडतं. फुफ्फुसात पाणी पाझरणं मात्र ओसरतं. फुगलेली जवनिका आकसल्याने तिच्या भिंतीवरचा ताणही उतरतो, म्हणजे रक्त बाहेर ढकलताना हृदयावर पडणारा भार, आफ्टरलोड, तोही थोडा हलका होतो. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायला मात्र एनालाप्रिलसारखं वेगळं औषध लागतं.

भीती पूर्ण खोटी नाही. पाणी फार काढलं तर हृदय आलेखाच्या सपाट भागावरून मागे, चढाच्या भागावर घसरतं: उभं राहताच चक्कर, बीपी खाली, मूत्रपिंडाचं काम मंदावल्याचं दाखवणारं क्रिएटिनिन वर. म्हणून रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन घ्या.