अंगठीचे माप आणि आतला परीघ

अंगठीच्या मापाचा आकडा ही लांबी नसते, तो मापपट्टीवरचा क्रमांक असतो, आणि वेगवेगळ्या देशांनी हे क्रमांक वेगवेगळ्या ठिकाणापासून सुरू केले आहेत. म्हणून ऑनलाइन खरेदी करताना आपला क्रमांक आधी मिलिमीटरमधील आतल्या परिघात बदलून घ्यावा. आय. एस. ओ. ८६५३ या आंतरराष्ट्रीय मानकात तर परीघ हेच माप मानले आहे. त्यानुसार ५४ मापाच्या अंगठीचा आतला परीघ ५४ मिलिमीटर असतो.

भारतात प्रचलित असलेल्या बहुतेक तक्त्यांत मापाच्या आकड्यात ४० मिळवले की परीघ जवळजवळ अचूक मिळतो. १४ मापाच्या अंगठीचा परीघ ५४ मिलिमीटर, आणि त्याला ३.१४ ने भागले असता आतला व्यास १७.२ मिलिमीटर येतो. अमेरिकी पद्धतीत आकड्याला २.५५ ने गुणून ३६.५ मिळवावे लागतात, म्हणजे तिथल्या ७ मापाचा परीघ ५४.३५ मिलिमीटर होतो. त्यामुळे इथे १४ मापाची अंगठी घालणाऱ्या व्यक्तीने अमेरिकी दुकानात ७ माप मागवावे. तिथेही १४ च मागवले, तर परीघ ७२ मिलिमीटरच्या वर जाईल आणि ती अंगठी अंगठ्यातूनही गळून पडेल.

जुन्या अंगठीचा व्यास साध्या पट्टीने मोजण्याची पद्धत सर्वत्र सुचवली जाते, पण तिच्यातील धोका क्वचितच सांगितला जातो. व्यास मोजताना झालेली चूक परिघात ३.१४ पट होते. पट्टीवर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तर परिघात दीड मिलिमीटरहून अधिक, म्हणजे भारतीय पद्धतीच्या दीड मापाचा फरक पडतो. व्हर्निअर कॅलिपर हाताशी नसेल, तर थेट बोटाचा घेर मोजणे मला अधिक भरवशाचे वाटते.

मात्र तो दोऱ्याने मोजू नये. दोरा ताणला जातो, आणि शिवाय त्याला स्वतःची जाडी असते. एक मिलिमीटर जाड दोरा बोटाभोवती गुंडाळून सरळ केला, की त्याची लांबी त्याच्या मध्यरेषेवरचा घेर दाखवते आणि तो बोटाच्या घेरापेक्षा ३.१ मिलिमीटरने, म्हणजे तब्बल तीन मापांनी मोठा असतो. साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असल्याने तीच चूक ०.३ मिलिमीटरवर येते. कागदाची अरुंद पट्टी बोटाच्या मुळाशी गुंडाळावी, जिथे टोक पट्टीवर येते तिथे खूण करावी आणि सपाट ठेवून मोजावी. मग सांध्याचाही घेर घ्यावा, कारण अंगठी त्यावरूनच सरकणार असते. सांधा मुळापेक्षा बराच जाड असेल, तर दोहोंच्या मधले माप निवडावे.

बोट गार असताना आकसते आणि उष्म्याने फुगते, म्हणून सकाळच्या थंडीत घेतलेले माप संध्याकाळी पुन्हा ताडून पाहावे. रुंद पट्ट्याची अंगठी त्वचेचा अधिक भाग दाबते, त्यामुळे तिच्यासाठी अर्धे ते एक माप वाढवावे लागते. विक्रेत्याने तक्त्यात आतला व्यास किंवा परीघ मिलिमीटरमध्ये दिला नसेल, तर केवळ क्रमांकावर मागणी न नोंदवता आधी त्याच्याकडून तो आकडा मागवून घ्यावा.