टंकलिखित प्रतीत [अवाच्य] का लिहिलेले असते

जुने हस्तलिखित सातबारे, फेरफार आणि खरेदीखते आपण मोबाइलवर फोटो काढून आमच्याकडे पाठवता आणि आम्ही ती टाइप करून देतो. हातात आलेल्या प्रतीत काही ठिकाणी चौकटी कंसात [अवाच्य] किंवा [१ किंवा ९] असे दिसते. अनेकांना ते अपुरे काम वाटते, म्हणून हा खुलासा.

फोटो हलला की शाईची रेघ पसरते. हस्ताक्षरातला १ आणि ९ मुख्यतः एका लहान वळणावरून ओळखू येतो आणि तेच वळण आधी पुसले जाते. अशा वेळी आम्ही [१ किंवा ९] लिहितो, कारण अंक या दोनांपैकीच एक आहे एवढे नक्की असते. काहीच कळत नसेल तर [अवाच्य, २ अंक] असे लिहून किती अंकांची जागा आहे तेवढे सांगतो.

चकाकीचे नुकसान वेगळे असते. लॅमिनेट केलेल्या कागदावर फ्लॅश पडला की तिथे पांढरा डाग उमटतो आणि त्या डागाखालचे काहीही फोटोत उतरलेले नसते. फोटो कितीही मोठा केला तरी ते परत मिळत नाही. सातबाऱ्यात याचा सर्वात मोठा धोका नावांना आहे. फेरफाराने एखाद्याचे नाव कमी झाले की जुन्या हस्तलिखित उताऱ्यात त्या नावाला कंस केलेला असतो. नाव स्वच्छ दिसते, पण कंसाच्या जागी चकाकी आलेली असते. आम्ही नुसते नाव टाइप केले तर कमी झालेला खातेदार कागदावर पुन्हा उभा राहतो. म्हणून अशा नावापुढे [कंस आहे की नाही ते दिसत नाही] असे मुद्दाम लिहितो. स्कॅनच्या ॲपमधला काळा-पांढरा पर्यायही फिकट कंस पुसून टाकतो, तेव्हा तो वापरू नका. साधा रंगीत फोटोच पाठवा.

तिरक्या फोटोत गंमत अशी की प्रत्येक अक्षर वाचता येते, तरी फसगत होते. कागद एका बाजूने दूर गेला की ओळी उतरत्या दिसतात, आणि डावीकडच्या नावासमोर उजवीकडचे खालच्या ओळीचे क्षेत्र आल्यासारखे वाटते. छापील आडव्या रेघा असतील तर आम्ही त्या धरून जातो. त्या नसतील तर नावे आणि क्षेत्रे वेगवेगळी टाइप करून ‘कोणते क्षेत्र कोणाचे हे फोटोवरून ठरत नाही’ अशी टीप देतो.

ग्राहक बहुतेकदा म्हणतात, बेरीज करून भरून टाका ना! एक उदाहरण घेऊ. गटाचे एकूण क्षेत्र १ हेक्टर ६२ आर आहे. पहिल्या खातेदाराचे ४१ आर, दुसऱ्याचे ६७ आर, आणि तिसऱ्याच्या आकड्यातला फक्त शेवटचा ४ दिसतो. ४१ आणि ६७ मिळून १०८, म्हणजे उरले ५४. हिशेब चोख जमतो. तरीही तक्त्यात आम्ही [अवाच्य]४ असेच ठेवतो आणि खाली टीप देतो: ‘बेरजेवरून ५४ आर येते, फोटोत पहिला अंक दिसत नाही.’ एकूण क्षेत्रात पोटखराबा धरला आहे की नाही यावर हे उत्तर बदलू शकते. शिवाय मूळ उताऱ्यातच बेरीज चुकलेली असू शकते. आपले वकील नेमकी तीच चूक शोधत असतील आणि आम्ही ५४ लिहून मोकळे झालो, तर ती आमच्या हातून झाकली जाईल.

[अवाच्य]च्या पुढे आम्ही ‘फोटो’ किंवा ‘मूळ’ असेही लिहितो. ‘फोटो’ असेल तर पुन्हा फोटो काढून काम भागते. ‘मूळ’ म्हणजे कागदच फाटला आहे, घडीवर झिजला आहे किंवा शाई उडाली आहे. मग सातबारा किंवा फेरफार असेल तर तलाठी कार्यालयातून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून, आणि खरेदीखत असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल काढावी लागते.

पुन्हा फोटो काढताना कागद टेबलावर सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या. मोबाइल कागदाच्या बरोबर वर, समांतर धरा. आधी चारही कोपरे येतील असा पूर्ण पानाचा एक फोटो घ्या, म्हणजे ओळी जुळवता येतात, आणि मग भागाभागाचे जवळून फोटो घ्या. लॅमिनेट केलेला कागद असेल तर मोबाइल थोडा सरकवून दुसरा फोटो घ्या. चकाकी जागा बदलते आणि पहिल्यात झाकलेले दुसऱ्यात उघडे पडते. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, कारण नेहमीच्या पद्धतीने पाठवला की फोटोतला बारकावा कमी होतो.

नवा फोटो आला की खुणा केलेल्या जागा आम्ही पुन्हा वाचतो आणि सुधारलेली प्रत देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.